दर शनिवारी घरी जावं का?

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातल्या एका गावातून पुण्यात इंजिनीअरिंगला आले आहे. पहिलं वर्ष, पहिलंच सत्र. बारावीपर्यंत गणित माझा सगळ्यात आवडता विषय होता. इथे रात्री जेवून अभ्यासाला बसते, पुस्तक उघडते आणि घर आठवायला लागतं. आई आता भाकरी थापत असेल, आजी ओट्यावर बसली असेल, धाकटा भाऊ माझ्या टेबलावर पसारा घालत असेल. तासाभराने बघावं तर पान तेच. शनिवारी सकाळी एसटीने घरी जाते, रविवारी दुपारी निघून रात्री होस्टेलवर येते. घरी छान वाटतं, पण सोमवारी पहिल्या दिवसापेक्षाही जास्त रडू येतं. रूममेट चांगली आहे, पण तिचा तिचा ग्रुप आहे. पहिल्या चाचणीत मला गणितात ३० पैकी ९ मार्क मिळाले. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आठवण आली की वाचलेलं डोक्यात का शिरत नाही? आणि घरी जाणं बंद केलं तर आठवण कमी होईल का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर कळलं की दुसऱ्याचं निम्मं मिळतं.

गणित करताना आपण काही गोष्टी तेवढ्यापुरत्या मनात धरून ठेवतो. पार्शल डिफरन्सिएशन घे. एक्सच्या संदर्भात विकलन करताना वाय स्थिर धरायचा, हे मनात ठेवूनच पुढची ओळ लिहावी लागते. दोन ओळींनी भूमिका उलटतात, तेव्हा आधीचं सोडून नवं धरावं लागतं. अशा धरून ठेवण्याला मनात जागा फार थोडी असते. आईची भाकरी आणि भावाचा पसारा त्याच जागेत येऊन बसतात. मग वाय कुठे स्थिर धरला होता हेच निसटतं आणि तू पुन्हा पहिल्या ओळीवर येतेस. तुझी बुद्धी बारावीत होती तिथेच आहे. जागा दुसऱ्या कशाने तरी व्यापली आहे, एवढंच झालं आहे.

हे मी केवळ वर्गातल्या अनुभवावरून सांगत नाही. ब्रिटनमधल्या शर्ली फिशर आणि ब्रूस हुड या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठात जाण्याआधी आणि गेल्यानंतर अशी त्याच विद्यार्थ्यांची दोनदा पाहणी त्यांनी केली होती. घराची ओढ ज्यांना जास्त लागली, त्यांच्यात मनाची अस्वस्थता जास्त होतीच; शिवाय विसरभोळेपणा, लक्ष उडणं, हातातलं काम अर्ध्यात विसरणं हेही जास्त दिसलं. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जी मुलं घरी राहूनच विद्यापीठात जात होती, त्यांचीही अस्वस्थता आणि विसरभोळेपणा सुरुवातीला वाढला होता. म्हणजे तुझ्या त्रासाचा काही भाग घर सुटल्याचा आहे आणि काही भाग नुसता नव्या कॉलेजचा आहे. मोठा वर्ग, इंग्रजीतून शिकवणं, सबमिशनची घाई हे सगळं नवं असतं, आणि ते पुण्यात जन्मलेल्या तुझ्या बेंचवरच्या मुलीलाही जड जातंय. ती ते बोलत नसेल, पण तिलाही विचारून बघ.

आता उपाय. नुसतं वाचणं हे मनाला पुरेसं काम देत नाही. डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि मन बार्शीला जाऊन येतं. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर, तुझी आठवणीची वेळ असते तेव्हा, वाचायला बसूच नकोस. त्या वेळी वही मिटून लिहायला बस. सकाळच्या तासाला सरांनी जे उदाहरण सोडवलं, ते कोऱ्या कागदावर स्वतः सोडवायचं. अडलीस की अडल्या जागी खूण करायची आणि पुढे रेटायचं. शेवटपर्यंत गेल्यावरच वही उघडून ताडून बघायचं. पहिल्या दिवशी चार ओळींच्या पुढे जाता येणार नाही. तरी चालेल, कारण त्या चार ओळी तुझ्या असतील.

याचा दुसरा फायदा लक्षात राहण्याचा. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. आठवड्याने पाहिलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी, की पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. वाचून झाल्यावर 'आलं मला' असं वाटतं, ते त्यामुळेच. आणि परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

जर्नल उतरवणं, असाइनमेंट फेअर करणं ही कामं मात्र याच्या उलट आहेत. त्यांत हात चालतो आणि मन मोकळं असतं, म्हणून खोलीत एकटीने केली तर ती रडायला लावतात. ती रीडिंग हॉलमध्ये किंवा कॉमन रूममध्ये, चार जणींच्या शेजारी बसून कर. बोललं नाही तरी चालेल.

इथून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. पत्रात तू घराची आठवण आणि एकटेपणा एकाच दमात सांगितलास, कारण तुला ते एकच वाटतात. मला ते दोन वेगळे त्रास दिसतात, आणि एकाच्या औषधाने दुसरा वाढतो. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. एक प्रकार म्हणजे आपलं अगदी जवळचं माणूस जवळ नसणं. दुसरा म्हणजे आपण ज्यांच्यात उठतो-बसतो अशी माणसंच नसणं. त्याचं म्हणणं असं, की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. दहा मैत्रिणी मिळाल्या तरी आईची आठवण येणारच. आणि आईशी दिवसातून पाच वेळा बोललीस तरी मेसमध्ये शेजारी कोणी बसणारं नसेल, तर ताट घेऊन उभं राहिल्यावर जे वाटतं, ते वाटणारच.

तू पहिल्या त्रासावर औषध घेते आहेस आणि ते लागूही पडतं; घरी छान वाटतं, असं तूच लिहिलं आहेस. पण ते घेण्यासाठी तू जे तास खर्च करतेस, ते नेमके दुसऱ्या त्रासाच्या औषधाचे तास आहेत. याचा हिशोब मांडून बघू.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीला किती वेळ लागतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला आलेली माणसं आणि विद्यापीठात नुकतेच आलेले विद्यार्थी त्यांनी पाहिले. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मैत्रीण म्हणावी इतपत जवळीक व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० च्या वर. एकत्र काम करण्यात गेलेला वेळ त्यात फारसा मोजला जात नाही. गप्पा, जेवण, भटकणं यांतला वेळ मोजला जातो. हे आकडे सरासरीचे आहेत, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

तू सोमवार ते शुक्रवार होस्टेलवर असतेस. दिवसा कॉलेज आणि प्रॅक्टिकल. मोकळेपणाने कोणासोबत असण्याची वेळ म्हणजे रात्रीचं जेवण. ते पाऊण तासाचं धरू. पाच दिवसांचे पावणेचार तास झाले. या वेगाने ५० तास व्हायला तेरा आठवड्यांहून जास्त लागतील, म्हणजे साधी मैत्री होईपर्यंत सत्र जवळजवळ संपेल. आता समज, तू एक शनिवार-रविवार राहिलीस. दोन वेळची जेवणं, कपडे धुता धुता गप्पा, लक्ष्मी रोडला किंवा तुळशीबागेत एक चक्कर. सहा तास सहज होतात. आठवड्याचे पावणेदहा तास झाले. दर आठवड्याला असं झालं, तर तेच ५० तास पाच-सहा आठवड्यांत भरतात. तुझी रूममेट 'तिच्या ग्रुपमध्ये' आहे ना? तो ग्रुप बहुधा तू एसटीत असताना तयार झाला.

तेव्हा घरी जाणं बंद करू नकोस, पण दर तिसऱ्या आठवड्याला जा. 'आठवण आली की जाईन' असं ठेवलंस तर रोज निर्णय घ्यावा लागेल आणि प्रत्येक शुक्रवार त्यातच जाईल. कॅलेंडरवर तारखा आधीच लिही आणि आईलाही सांग. मधल्या दोन रविवारांपैकी पहिला अवघड जाईल, हे आधीच माहीत असू दे. दुपारी दोननंतर होस्टेल शांत होतं, तो वेळ खोलीत काढू नकोस. आणि पुण्यात बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, त्या वेळेला मी फार महत्त्व देते. त्या संध्याकाळी होस्टेलवर राहिलेली प्रत्येक मुलगी जेवायला काय करायचं या विचारात असते आणि एकटीने बाहेर जाऊन जेवायचं कोणालाच नको असतं. 'मी डोसा खायला निघालेय, येतेस का?' हे वाक्य बाकीच्या सहा दिवसांत म्हणायला जड जातं. रविवारी संध्याकाळी त्याला नाही म्हणणारी क्वचितच भेटते.

राहिलं गणित. तुझ्या एकटेपणाची आणि त्या ९ मार्कांची गाठ कशी पडते, ते एका गोष्टीवरून सांगते. यूरी ट्राइझमन हे गणिताचे शिक्षक १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात होते. शाळेत उत्तम मार्क मिळवून आलेली कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये नापास होत होती. चिनी वंशाची मुलं त्याच वर्गात पुढे जात होती. कमी मेहनत, घरचं वातावरण, कच्चा पाया अशी कारणं सगळे सांगत होते. ट्राइझमन यांनी दोन्हींतली वीस-वीस मुलं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात हे त्यांच्यासोबत राहून पाहिलं. नापास होणारी मुलं आळशी नव्हती. तासाला जायची, गृहपाठ वेळेवर द्यायची, सांगितलं होतं तितके तास अभ्यासाला बसायची. पण त्या वीसपैकी अठरा जणांनी वर्गातल्या कोणाबरोबरही कधी अभ्यास केला नव्हता. चिनी मुलं आधी एकेकटी बसून गणितं सोडवायची, मग संध्याकाळी एकत्र जमायची, कधी स्वयंपाकही एकत्र करायची, आणि उत्तरं ताडून बघायची. एखादं गणित एकालाच चुकलं तर चूक त्याची, हे उघड व्हायचं. सगळ्यांनाच अडलं तर गणितच अवघड आहे, हेही कळायचं.

एकट्याने बसणाऱ्याला हे दुसरं कळण्याचा मार्गच नसतो. त्याला प्रत्येक अडलेलं गणित हा आपल्या कुवतीवरचा निकाल वाटतो. ट्राइझमन यांनी मग मुलांना उजळणी वर्ग दिले नाहीत. अवघड गणितं देऊन त्यांना एकत्र बसवलं, आणि नापास होण्याचं प्रमाण बरंच घटलं.

मी पहिल्या वर्षाला गणित शिकवते आणि दर वर्षी हे चित्र माझ्या वर्गात पाहते. खेड्यातून आलेली, शाळेत पहिली येणारी मुलं सगळ्यात जास्त एकटी अभ्यास करतात, कारण तिथे त्यांना दुसऱ्याची गरजच पडलेली नसते. इथे शंका विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत सांगणं, असं त्यांना वाटतं.

म्हणून तीन किंवा चार जणींचा गट कर. पाच झाल्या की दोघी नुसत्या ऐकतात. सगळ्यात हुशार मुली शोधू नकोस. तुझ्याच मजल्यावरच्या, तुझ्याच बॅचच्या शोध, कारण ज्या येता-जाता भेटतात त्यांच्याशीच गट टिकतो. आठवड्यातून दोनदा, मंगळवार-गुरुवार, जेवणानंतर दीड तास. नियम एकच ठेव : प्रत्येकीने त्या दिवसासाठी ठरवलेली पाच गणितं आधी एकटीने करून बघितलेली असली पाहिजेत, चुकली तरी. हा नियम मोडला की गटाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. एक जण सोडवते, बाकीच्या उतरवतात आणि सगळ्यांना अभ्यास झाल्यासारखं वाटतं. हे ओळखायची खूण सोपी आहे. दीड तासात तुमच्यात एकदाही 'थांब, हे असं नाही' असा वाद झाला नसेल, तर ती उतरवाउतरवी होती. वाद मराठीतच घाला. इंग्रजीत उत्तर लिहायचं, पण समजून घ्यायचं ज्या भाषेत जमतं त्या भाषेत.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नांदेडकडचा एक मुलगा होता. पहिल्या चाचणीत तुझ्यासारखेच मार्क. त्याचा गट मेसच्या टेबलावर जमला. चौघे वेगवेगळ्या ब्रँचचे होते, पण पहिल्या वर्षाला गणित सगळ्यांना सारखंच असतं. सत्राअखेर तो काही वर्गात पहिला आला नाही; चांगल्या मार्कांनी पास झाला, बॅक राहिला नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते हे, की नोव्हेंबरात त्याला ताप आला तेव्हा त्या तिघांनी त्याला दवाखान्यात नेलं आणि घरी फोन केला.

एक गोष्ट फोनबद्दल. आईशी आवाजाने बोल, दिवसभर मेसेज टाकत राहू नकोस. लेस्ली सेल्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ७ ते १२ वर्षांच्या मुलींवर एक प्रयोग केला. त्यांना अनोळखी लोकांसमोर बोलायला आणि गणितं करायला लावून ताण दिला. त्यानंतर आई जवळ आली किंवा नुसती फोनवर बोलली, तरी ताणाचं रसायन उतरलं. नंतरच्या प्रयोगात आईने फक्त मेसेजवरून धीर दिला, तेव्हा तसं झालं नाही. तुझं वय मोठं आहे, पण हा फरक माझ्या विद्यार्थ्यांच्या सांगण्याशी जुळतो. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, पंधरा-वीस मिनिटं बोल. ती वेळ साडेसात ते नऊ मात्र नको, कारण तेव्हाच मेस असते आणि तेव्हाच मुली कॉरिडॉरमध्ये उभ्या असतात. झोपायच्या अगदी आधीही नको. रडून झोप उडाली तर सकाळचा तास जातो. संध्याकाळी कॉलेजातून आल्या आल्या बरी.

दिवाळीबद्दल आत्ताच सांगून ठेवते. तोपर्यंत तुला बरंच बरं वाटलेलं असेल. मग मोठ्या सुट्टीनंतर परत आल्यावर पहिले तीन-चार दिवस पुन्हा सुरुवातीसारखे जातील, आणि तुला वाटेल की सगळं वाया गेलं. तसं नसतं, ते आठवड्याभरात ओसरतं. सुट्टी संपायच्या एक दिवस आधी परत ये, म्हणजे लगेच लेक्चरला बसावं लागणार नाही. आणि येताना चिवडा एकटीपुरता आणू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा मुंबईला बीएस्सीला आहे. रोज रात्री फोनवर रडतो. त्याची आई म्हणते, 'नाही जमलं तर ये परत, इथल्या कॉलेजात घालू.' मला वाटतं असं म्हणू नये. मी कठोर आहे का?
— एक वडील, लातूर

उत्तर : तुम्ही कठोर नाही, आणि वहिनीही चूक नाहीत. फक्त 'नाही जमलं तर ये' या वाक्याचा परिणाम त्यांना हवा त्याच्या उलट होतो. घराच्या ओढीवर दीर्घकाळ काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर पालकांना नेमकं हेच टाळायला सांगतात. यात मुलाला दोन गोष्टी ऐकू येतात : तुला जमणार नाही असं आम्हालाही वाटतं, आणि सुटका एका फोनवर आहे. मग मित्र करणं, मेसच्या जेवणाची सवय करून घेणं, लोकलचा पास काढणं या सगळ्यात तो अर्धाच उतरतो.

त्याऐवजी तारीख द्या. 'पहिलं सत्र पूर्ण कर. निकाल लागला की आपण तिघं बसून बोलू, आणि तेव्हाही तुला नको असेल तर खरोखर विचार करू.' हे वचन पाळायच्या तयारीनेच द्या. सत्राअखेर कॉलेज बदलणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या काहींसाठी तो निर्णय योग्य होता. पण तो तिसऱ्या आठवड्यातल्या रात्री दहा वाजता घ्यायचा नसतो.

मात्र त्याआधी एक खात्री करून घ्या. तो कशासाठी रडतो, हे नीट विचारा. 'जेवलास का, झोपलास का' यांपलीकडे जा. पैसे कमी पडतात का? खोलीत कोणाची भीती वाटते का? कोणी जातीवरून, बोलण्यावरून, कपड्यांवरून टोमणे मारतं का? सीनिअर काही करायला लावतात का? यांपैकी कशाचंही उत्तर 'हो' आलं, तर ती घराची आठवण नाही, आणि त्यावर 'सवय होईल' हे उत्तर देऊ नये. रॅगिंग असेल तर प्राचार्यांकडे लेखी तक्रार करा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, तिथेही करा.

आणखी एक. घरातल्या अडचणी त्याच्यापासून लपवू नका. आजोबा आजारी असतील तर तसं सांगा. आवाजातला फरक मुलांना कळतो, आणि मग ती रात्रभर कल्पनेने त्याहून वाईट काहीतरी रचत बसतात.

प्रश्न : घराची आठवण आणि डिप्रेशन यांतला फरक माझा मला कसा ओळखता येईल? काउन्सेलरकडे जायला भीती वाटते, कॉलेजमध्ये नाव होईल म्हणून.
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : सगळ्यात सोपी खूण म्हणजे घरी गेल्यावर काय होतं ते बघ. घराची ओढ लाटांसारखी येते. क्रिकेट खेळताना, प्रॅक्टिकल करताना ती मागे पडते, घराच्या दारात पाय ठेवला की जवळजवळ जाते आणि भूक परत येते. घरी जाऊनही जेवावंसं वाटत नसेल, ज्यात एरवी रमायचास त्यात मन लागत नसेल, आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज असेल, तर ती नुसती आठवण नव्हे. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, किंवा दिवसभर झोपून तास बुडवणं, अंघोळीचाही कंटाळा येणं, ही तशीच लक्षणं आहेत. आठवण विसरायला दारू किंवा रात्रभर मोबाईल लागत असेल, तर तेही यातच धर. आणि मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं आणि त्या रात्री खोलीत एकटं राहायचं नाही.

नावाची भीती वाटते, तर सुरुवात कॉलेजबाहेरून कर. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. तिथे ओळख सांगायची सक्ती नसते. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, ताप आल्यावर बसतो तसं. नागपुरात तुला ते अवघड नाही.

कॉलेजात सांगायचं तर तुमच्या गटाला नेमून दिलेल्या शिक्षकांना सांग. कुठे त्यांना मेंटॉर म्हणतात, कुठे जीएफएम. सगळं उलगडून सांगायची गरज नाही. 'सर, तीन आठवडे मला झोप लागत नाही, तास बुडतायत, मला मदत हवी आहे' एवढं पुरे. हे परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगितलंस तर ते फार काही करू शकत नाहीत. हजेरी घसरू लागली त्या आठवड्यात सांगितलंस, तर चाचणी पुन्हा देण्यासाठी अर्ज, सबमिशनला मुदत, डॉक्टरांच्या दाखल्यावर हजेरीत सवलत असे मार्ग बहुतेक कॉलेजांत असतात. त्यासाठी डॉक्टरांचा कागद त्याच तारखांचा लागतो, मागून आणलेला चालत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत केसपेपर जपून ठेव आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून घे.